ॲक्शन पोटेन्शियलचा तक्ता नव्याने काढताना : ४ जुलै ते १० ऑगस्टच्या नोंदी

४ जुलै

प्रॅक्टिकल हॉलमधला ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे मज्जातंतूच्या पडद्यावर क्षणभर उठणाऱ्या व्होल्टेजच्या लाटेचा, तक्ता उतरवला. मी नेरूळला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते. गेल्या आठवड्याच्या तोंडी परीक्षेत सहा जणांना एकच प्रश्न विचारला होता : "शिखरावर पोहोचलेलं व्होल्टेज खाली कशामुळे येतं?" चौघांनी सांगितलं, "सोडियम-पोटॅशियम पंप सोडियम बाहेर फेकतो म्हणून."

यात मुलांचा दोष नाही. तक्त्यावर एक उंच वळण, त्याच्या उतरत्या बाजूला बाण आणि बाणाखाली पंपाचं चित्र, एवढंच होतं. पडद्यातून आयन जाऊ देणारे चॅनेल कधी उघडतात आणि कधी बंद होतात, हे व्होल्टेजच्या रेषेत दिसत नाही. ते दाखवायचं तर त्याच वेळेच्या अक्षावर, त्या रेषेखाली, दुसरा आलेख हवा.

पंपाचा हिशोब आजच फळ्यावर करून दाखवला. पेशीच्या पडद्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड असते. व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने बदलायला तेवढ्या जागेतून सुमारे १ पिकोमोल आयन गेले तरी पुरतात. सोडियम आत येताना पोटॅशियमही बाहेर पडतं, त्यामुळे प्रत्यक्षात ३-४ पिकोमोल लागतात असं धरू. स्क्विड या समुद्री प्राण्याचा अर्धा मिलिमीटर जाडीचा तंतू घेतला तर आतल्या पोटॅशियमचा हा दहा लाखांतला एक भागसुद्धा नाही. पंप बंद पाडला तरी असा तंतू हजारो वेळा पेटू शकतो. पंपाचं काम साठा राखण्याचं आहे, ते मिनिटा-तासांच्या हिशोबात चालतं, आणि हा आलेख आहे काही मिलिसेकंदांचा. म्हणून नव्या तक्त्यावर पंप काढायचाच नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

७ जुलै

हाताने वळणं काढून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. पोटॅशियमची रेषा सोडियमच्या नेमकी किती मागे ठेवायची, हे मी अंदाजाने ठरवत होते, म्हणजे पुन्हा तीच चूक. शेवटी हॉजकिन आणि हक्सले यांची स्क्विडच्या तंतूवरची १९५२ ची समीकरणं संगणकाकडून सोडवून घ्यायचं ठरवलं.

मूळ समीकरणांत चिन्हं आजच्या उलट आहेत. विश्रांतीचं व्होल्टेज शून्य धरलं आहे आणि डिपोलरायझेशन, म्हणजे आतलं ऋण व्होल्टेज शून्याकडे सरकणं, ऋण दिशेला आहे. मी अर्धी सूत्रं मुळातून आणि अर्धी आजच्या पद्धतीने लिहिलेली घेतली, त्यामुळे पहिली रेषा काही न करता सरळ आडवी गेली. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये वहीत एकेक सूत्र −६५ मिलिव्होल्टला हाताने सोडवत गेले, तेव्हा कुठे चूक सापडली. विश्रांतीत सोडियम चॅनेल उघडण्याचं माप `m` ०.०५, ते निष्क्रिय नसण्याचं `h` ०.६० आणि पोटॅशियम चॅनेल उघडण्याचं `n` ०.३२ यायला हवेत. हे तीन आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. माझी बरीच मेहनत या एका तपासणीने वाचली असती.

चालणारा गाभा असा :

```python
import numpy as np
dt = 0.01
V, m, h, n = -65.0, 0.053, 0.596, 0.318
out = []
for t in np.arange(0, 40, dt):
    I = 10 if 5 <= t < 6 else 0
    am = 0.1*(V+40)/(1-np.exp(-(V+40)/10))
    bm = 4*np.exp(-(V+65)/18)
    ah = 0.07*np.exp(-(V+65)/20)
    bh = 1/(1+np.exp(-(V+35)/10))
    an = 0.01*(V+55)/(1-np.exp(-(V+55)/10))
    bn = 0.125*np.exp(-(V+65)/80)
    gNa, gK = 120*m**3*h, 36*n**4
    V += dt*(I - gNa*(V-50) - gK*(V+77) - 0.3*(V+54.4))
    m += dt*(am*(1-m) - bm*m)
    h += dt*(ah*(1-h) - bh*h)
    n += dt*(an*(1-n) - bn*n)
    out.append((t, V, gNa, gK, h))
```

आधी घाईत वेळेचं पाऊल `dt = 0.1` ठेवलं होतं. शिखराजवळ करवतीसारखे दाते उमटले आणि पुढचे आकडे वाटेल तिकडे गेले. शिखराजवळ एवढे चॅनेल उघडे असतात की व्होल्टेज मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागांत बदलतं. त्याहून मोठं पाऊल टाकलं की प्रत्येक पाऊल पलीकडे पडतं. `0.01` ला वळण गुळगुळीत झालं.

९ जुलै

आज एक पूर्ण दिवस गेला, पण या दिवसाने बरंच शिकवलं.

मॉडेल ६.३ अंश सेल्सिअसच्या स्क्विडचं आहे. मुलं माणसांवर उपचार करणार आहेत, तेव्हा तापमान ३७ करावं असं वाटलं. चॅनेलांच्या गेटचा वेग दर १० अंशांना तिप्पट धरतात. म्हणजे ३७ ला सगळे गेट जवळजवळ २९ पट वेगाने हलायला हवेत. तो गुणक घातला आणि ॲक्शन पोटेन्शियल नाहीसं झालं. उद्दीपन दिलं की एक बुटका उंचवटा यायचा आणि विरायचा.

मला वाटलं कोडमध्ये चूक आहे. दुपारपर्यंत कंस मोजत बसले. चूक नव्हती. `h` आणि `n` इतके वेगवान झाले होते की सोडियमचा प्रवाह पडद्याला भारित करण्याआधीच सोडियमचे चॅनेल निष्क्रिय होत आणि पोटॅशियमचे उघडत. पडद्याची धारिता तर तापमानासोबत बदलली नव्हती. स्क्विडच्या चॅनेलांची संख्या आणि वेग त्याच्या थंड पाण्यासाठी जुळलेले आहेत, ते नुसते तापवून माणसाचा तंतू मिळत नाही.

विभागातल्या ज्येष्ठ मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, आणखी एक लक्षात ठेव. सस्तन प्राण्यांच्या मायलिन असलेल्या तंतूत, रॅनव्हिएच्या नोडवर, हे पोटॅशियमचे चॅनेल फारसे नसतातच. ते शेजारच्या मायलिनखाली दडलेले असतात. तिथे व्होल्टेज उतरतं ते मुख्यतः सोडियम चॅनेल निष्क्रिय झाल्यामुळे आणि गळतीच्या प्रवाहामुळे."

आपण ज्याला 'मज्जातंतूचं ॲक्शन पोटेन्शियल' म्हणून शिकवतो त्यातली पोटॅशियमची एवढी ठळक रेषा स्क्विडची आहे. म्हणून तक्त्याच्या शीर्षकातच लिहिलं : 'स्क्विडचा महातंतू, ६.३ अंश'. माणसाच्या जाड तंतूत सगळा खेळ साधारण एका मिलिसेकंदात उरकतो, ही ओळ त्याखाली.

१३ जुलै

व्होल्टेजखाली काय काढायचं, यावर तीन दिवस घालवले.

आधी प्रवाह काढले, म्हणजे सोडियम किती आत येतंय आणि पोटॅशियम किती बाहेर जातंय. पद्धतीप्रमाणे आत येणारा प्रवाह खाली काढला. हा आलेख दोन मुलींना दाखवला. पहिलीने विचारलं, "मॅडम, सोडियम उलटं का पडतंय?" दुसरीचं निरीक्षण अधिक बारीक होतं : "सोडियम दोनदा आत येतं का?"

खरंच, सोडियमच्या प्रवाहाला दोन पोटं होती. कारण साधं आहे. प्रवाह म्हणजे वाहकता गुणिले ओढ. शिखराला व्होल्टेज +४० च्या आसपास जातं, सोडियमचा समतोल +५० ला आहे, म्हणजे ओढ जेमतेम १० मिलिव्होल्ट उरते. चॅनेल उघडे असूनही तिथे प्रवाह घटतो. व्होल्टेज उतरू लागलं की ओढ वाढते, अजून बंद न झालेल्या चॅनेलांतून प्रवाह पुन्हा वाढतो, आणि मग चॅनेल निष्क्रिय झाल्यावर संपतो. हे सगळं बरोबर आहे, पण पहिल्या वर्षाच्या पहिल्या तक्त्यावर ते पेलत नाही.

म्हणून प्रवाह काढून वाहकता घेतली : दार किती उघडं आहे, एवढंच. आता दोनच टेकड्या दिसतात. सोडियमची उंच आणि अरुंद, व्होल्टेजच्या चढासोबत उभी राहणारी. पोटॅशियमची बुटकी आणि रुंद, मागून येणारी. दोन्ही टेकड्या एकमेकींवर चढतात, आणि हीच जागा बोटाने दाखवायची आहे. 'सोडियमचं दार बंद झालं, मग पोटॅशियमचं उघडलं' असं क्रमाने काही घडत नाही. डिपोलरायझेशनची खूण दोघांनाही एकाच क्षणी मिळते, पोटॅशियमचं दार सावकाश उघडतं इतकंच. शेवटी पोटॅशियमची टेकडी व्होल्टेज मूळ जागी आल्यावरही थोडी उरते, म्हणून रेषा विश्रांतीच्याही खाली, −७५ च्या आसपास उतरते.

१६ जुलै

`h` चा दिवस. माझ्या मते अख्ख्या तक्त्याचा जीव इथे आहे.

सोडियम चॅनेलला दोन गेट असतात, हे मुलं पाठ करतात. पण 'बंद' आणि 'निष्क्रिय' यांतला फरक त्यांच्या हाती लागत नाही. बंद चॅनेल पुढच्या उद्दीपनाला उघडू शकतो. निष्क्रिय चॅनेल उघडू शकत नाही. व्होल्टेज खाली जाऊन काही काळ तिथे राहिलं तरच तो पुन्हा तयार होतो. `h` म्हणजे निष्क्रिय नसलेल्या चॅनेलांचा हिस्सा.

आधी `h` आणि `m` कोणत्या व्होल्टेजला कुठे स्थिरावतात, ते वळण काढलं. −१०० पासून एकेक मिलिव्होल्टने आकडे घेतले आणि `m` च्या रेषेत −४० ला भोक पडलं. तिथे सूत्रात शून्य भागिले शून्य होतं. पडद्यावर `RuntimeWarning` आला होता, मी तो वाचलाच नव्हता. व्होल्टेजमध्ये `1e-6` मिसळलं की भोक बुजतं. `n` ला हेच −५५ ला होतं.

या वळणातून एक गोष्ट फळ्यावर नेली : विश्रांतीतच `h` ०.६ आहे, म्हणजे १०० पैकी ४० सोडियम चॅनेल आधीच निष्क्रिय. विश्रांतीचं व्होल्टेज थोडं वर सरकून तिथेच राहिलं तर हा आकडा आणखी वाढतो. रक्तात पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णाचे स्नायू अशक्त का होतात, याचं उत्तर इथे सापडतं. व्होल्टेज शून्याकडे सरकलेला स्नायू जास्त सहज पेटेल असं वाटतं, पण त्याचे चॅनेल निष्क्रिय होऊन बसलेले असतात.

मग रिफ्रॅक्टरी काळ. पहिलं उद्दीपन ५ व्या मिलिसेकंदाला, ताकद १०. दुसरं उद्दीपन सरकवत गेले.

४ मिलिसेकंदांनंतर ताकद १० दिली, काही नाही. ४० दिली, तरी नुसती थरथर. `h` तेव्हा ०.१ च्या आसपास घसरलेला असतो आणि पोटॅशियमची दारं सताड उघडी असतात. आत घातलेला प्रवाह त्यांतूनच निघून जातो. हा पूर्ण रिफ्रॅक्टरी काळ. ८ मिलिसेकंदांनंतर १० ला काही झालं नाही, पण ४० ला दुसरं शिखर आलं, पहिल्याहून बुटकं. `h` अर्धवट सावरला होता आणि पोटॅशियमची गळती चालूच होती. हा सापेक्ष काळ. २० मिलिसेकंदांनंतर पुन्हा १० पुरले.

हे सगळे आलेख एकाखाली एक लावले आणि प्रत्येकाखाली `h` ची रेषा. 'ॲब्सोल्यूट' आणि 'रिलेटिव्ह' या शब्दांच्या व्याख्या तक्त्यावरून काढून टाकल्या. मुलांनी त्या आलेखावरून स्वतः लिहायच्या.

२१ जुलै

वाशीला छापून आणले. ए-टू आकाराचे तीन रंगीत कागद, ४५० रुपये. तिन्ही वाया.

सोडियम लाल, पोटॅशियम हिरवा, `h` निळा ठेवला होता. मुलांनी लगेच झेरॉक्स काढली आणि त्यात तिन्ही रेषा एकाच करड्या रंगाच्या झाल्या. पहिल्या वर्षाचं सगळं झेरॉक्सवर चालतं, हे मला ठाऊक असूनही सुचलं नाही. आता सोडियम जाड अखंड, पोटॅशियम तुटक, `h` ठिपक्यांची, आणि कोपऱ्यात यादी देण्याऐवजी नावं रेषेवरच लिहिली. काळ्या-पांढऱ्या छपाईचे ९० रुपये. मोठ्या कागदावर जाण्याआधी एक झेरॉक्स काढून बघा.

२७ जुलै

स्नायू.

सुरुवातीला तीन चौकटी शेजारी ठेवल्या : मज्जातंतू, हाडाला जोडलेला स्नायू, हृदयाच्या जवनिकेचा स्नायू. प्रत्येकीला वेळेचा आपापला अक्ष. पुस्तकांत असंच असतं आणि याने मोठा घोळ होतो. तिन्ही वळणं सारख्याच रुंदीची दिसतात, खाली लिहिलेले आकडे कोणी वाचत नाही. एकच अक्ष ठेवला तर ३०० मिलिसेकंदांच्या हृदयापुढे मज्जातंतू नुसती उभी रेघ होतो. लॉगरिदमिक अक्षाचा प्रयोग पंधरा मिनिटांत सोडला.

उपाय दुकानात सुचला. बिलिंग मशीनचा कागदाचा रोल, ७९ मिलिमीटर रुंद, ६० रुपये. एक मिलिसेकंद म्हणजे एक सेंटिमीटर, असं माप धरलं. मज्जातंतूला एक-दोन सेंटिमीटर लागले. हाडाच्या स्नायूला तीन-चार. हृदयाच्या स्नायूला तीन मीटर. रोल बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीवर चिकटवत नेला, तो प्रॅक्टिकल हॉलच्या दारापासून जिन्यापर्यंत गेला.

हृदयाचं वळण मी समीकरणांतून काढलेलं नाही, ते रेखाटन आहे, आणि तसं पट्टीवर लिहिलंय. विश्रांती −९०. फेज शून्यला सोडियम चॅनेल उघडतात आणि रेषा जवळजवळ उभी चढते. या मापावर तो चढ पेन्सिलीच्या जाडीत मावतो. फेज एकला सोडियम निष्क्रिय होतं आणि थोड्याच वेळासाठी उघडणारे पोटॅशियम चॅनेल रेषा किंचित खाली आणतात. फेज दोन हे पठार : एल-प्रकारच्या चॅनेलांतून कॅल्शियम आत, पोटॅशियम बाहेर, दोन्ही जवळपास तोलात. कॅल्शियम ओसरून विलंबित पोटॅशियम चॅनेल वरचढ झाले की फेज तीन, आणि मग फेज चारची सपाट रेषा. मुलं पठाराशेजारून चालत जातात तेव्हा पाच-सहा पावलं लागतात, आणि मज्जातंतू मागे दारापाशी बोटाएवढा राहिलेला असतो.

३ ऑगस्ट

पट्टी लावून आठवडाही झाला नव्हता, तोवर पावसाळी दमटपणाने चिकटपट्टी सुटली आणि अर्धं पठार जमिनीवर आलं. दुसरा रोल, आणखी ६० रुपये, या वेळी मागे पुठ्ठ्याच्या पट्ट्या.

नव्याने लावताना एक भर घातली. प्रत्येक वळणाखाली त्याच मापाने आकुंचनाची रेषा. हाडाच्या स्नायूचं ॲक्शन पोटेन्शियल चार सेंटिमीटरांत संपतं, पण आकुंचन सावकाश तंतूंत मीटरभर लांब जातं. म्हणजे पहिलं आकुंचन चालू असताना पडदा कधीच मोकळा झालेला असतो, दुसरं उद्दीपन घेतो, आकुंचनं एकमेकांवर चढतात आणि टेटनस, म्हणजे सलग न सुटणारं आकुंचन, होतो. हृदयात दोन्ही रेषा जवळपास सोबत संपतात. पठार संपेपर्यंत `h` सावरत नाही, म्हणून स्नायू बराचसा सैल होईपर्यंत नवं उद्दीपन लागूच पडत नाही.

'हृदयाला टेटनस का होत नाही?' हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि उत्तर येतं, 'रिफ्रॅक्टरी काळ मोठा असतो म्हणून.' आज एका मुलाने पट्टीला हात लावून सांगितलं, "मॅडम, पठारावर व्होल्टेज वरच राहतं. सोडियमचे चॅनेल खाली गेल्याशिवाय तयार होत नाहीत. आणि तोवर आकुंचन संपत आलेलं असतं." मी त्याला `h` चा आलेख दाखवायला सांगितलं. तो आत जाऊन तक्त्यापाशी उभा राहिला आणि नेमक्या रेषेवर बोट ठेवलं.

१० ऑगस्ट

तोंडी परीक्षा पुन्हा घेतली, तोच पहिला प्रश्न. या खेपेला सहापैकी एकानेच पंप म्हटलं. पण नवी चूक निघाली : दोघी म्हणाल्या, "शिखरावर सगळं सोडियम आत येऊन संपतं." उंच टेकडी खाली येताना दिसते, म्हणून तसं वाटलं असणार. तक्त्यात सुधारणा केली. टेकडीच्या उतारावर लिहिलं : 'चॅनेल निष्क्रिय होत आहेत, सोडियम बाहेर भरपूर आहे', आणि ४ जुलैचा पिकोमोलचा हिशोब खालच्या कोपऱ्यात घेतला.

एकूण खर्च : वाया गेलेले ४५० धरून ७२० रुपये, त्यात ६० पुठ्ठा आणि चिकटपट्टीचे. वेळ साधारण पाच आठवडे, त्यातले निम्मे चिन्हं, तापमान आणि रंगांच्या चुकांत गेले.

एका मुलीने जिन्यापाशी पट्टीच्या टोकाला विचारलं की फेज चार सपाट असेल तर पुढचा ठोका सुरू कोण करतं. ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडचं वळण वेगळं आहे, तिथे फेज चार हळूहळू चढतो आणि मुख्य चढ कॅल्शियमचा असतो. माझ्या मापाने मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला आठ मीटर कागद लागेल. व्हरांडा जिन्यापाशी संपतो. उद्या वरच्या मजल्याचा व्हरांडा मोजून घेते.